नमुना म्हणून कोणते प्रकरण धाडावे?

हैदराबादच्या हिमायतनगरात कार्यालय असलेल्या ओरिएंट ब्लॅकस्वानसारख्या इंग्रजी प्रकाशनसंस्थेला मराठी कादंबरीच्या भाषांतराचा प्रस्ताव पाठवायचा, तर ई-मेल वाचणाऱ्या संपादकाला मूळ मराठी वाचता येईलच असे नाही. त्यामुळे कादंबरीची थोरवी सांगून फारसे काही साधत नाही. पुस्तक आपल्या यादीत बसते का, ते कायद्याने काढता येईल का आणि अनुवादकाला ते पेलेल का, हे त्याला ठरवायचे असते. पहिल्या दोन प्रश्नांना ई-मेलने उत्तर द्यावे, तिसऱ्याला नमुना प्रकरणाने.

विभावरी शिरूरकरांची ‘बळी’ (१९५०) घेऊ. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना ज्या वसाहतींत कोंडले जाई, तिथले जगणे तिचा विषय आहे. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’चे माया पंडित यांनी केलेले इंग्रजी भाषांतर याच संस्थेने काढले. ‘बळी’ त्या पुस्तकाच्या वाचकाला पुढे काय देते, एवढे दोन-तीन वाक्यांत लिहिले की पहिले उत्तर झाले. दुसऱ्यात चूक सहज होते. टोपणनावाच्या लेखनाला प्रकाशनापासून ६० वर्षे संरक्षण असते, म्हणून २०१० नंतर ‘बळी’ खुली झाली, असा हिशेब कोणी मांडेल. पण लेखकाची ओळख त्या मुदतीत उघड झाली, तर ६० वर्षे मृत्यूनंतर मोजली जातात. विभावरी शिरूरकर म्हणजे मालती बेडेकर, हे सर्वज्ञात होते. त्यांचे निधन २००१ साली झाले, म्हणजे हक्क २०६१ अखेरपर्यंत राहतो. भाषांतराचा हक्कही त्यातच येतो. तेव्हा वारसांशी बोलणे कुठवर आले आहे, हे ई-मेलमध्ये स्पष्ट लिहावे.

नमुना म्हणून बहुतेक जण पहिले प्रकरण पाठवतात. वाचक तिथूनच सुरुवात करतो, हे त्यामागचे कारण रास्त आहे. पण सुरुवातीला निवेदन जास्त असेल, तर ते नीट इंग्रजी येणाऱ्या कुणालाही जमते. वसाहतीतली माणसे आणि अधिकारी समोरासमोर बोलतात, तिथे दोघांची मराठी एकाच सपाट इंग्रजीत उतरली की सत्तेचे अंतर पुसले जाते. मूळ न वाचताही संपादकाला हे कळते, कारण वक्त्याचे नाव झाकले तर कोण बोलतेय ते ओळखू येत नाही. म्हणून असेच प्रकरण निवडावे. मधले प्रकरण संदर्भावाचून कळणार नाही, हा आक्षेप खरा आहे. पण आधीची कथा पाच-सहा ओळींत सांगून तो दूर होतो. अवघड जागा नमुन्यात टाळली, तर ती करार झाल्यावर पुढे येते आणि तेव्हा अनुवादक व संपादक दोघेही अडकलेले असतात.