टॅग करण्याआधी विचारा

तुळशीचं लग्न लागलं की आपला फोटोग्राफरांचा सीझन सुरू होतो. हल्ली कार्यालयाच्या दारात, फुलांच्या कमानीशेजारी पाहुण्यांसाठी एक पाटी असते. तिच्यावर वधू-वरांच्या नावांचा हॅशटॅग आणि 'फोटो टाका, आम्हाला टॅग करा' एवढाच मजकूर असतो. ही पाटी बहुधा आपणच डिझाइन करून देतो. तेव्हा तिच्यावर काय लिहायचं, हाही आपल्याच कामाचा भाग आहे.

नेहमी घडणारा एक प्रकार पाहा. वधूच्या मावसभावाने हळदीचा फोटो फेसबुकवर टाकला. हळदीने आणि पाण्याने भिजलेली वधू, शेजारी वहिनी, पुढे दोन लहान मुलं. पोस्ट 'फ्रेंड्स'पुरती ठेवलेली, त्यामुळे घरातला फोटो घरातच राहील अशी त्याची समजूत. मग त्याने वधूला टॅग केलं. टॅग केलेल्या व्यक्तीच्या फ्रेंड्सनाही पोस्ट दिसते, ही फेसबुकची नेहमीची पद्धत. त्यामुळे वधूच्या ऑफिसातल्यांपासून कॉलेजच्या ओळखीपाळखीपर्यंत सगळ्यांसमोर तो फोटो गेला. वहिनीला कुणी टॅगही केलं नव्हतं, तरी तीही गेली आणि मुलंही गेली.

वधूने टॅग काढला तर तिचं नाव सुटतं, फोटो मावसभावाच्या खात्यावर तसाच राहतो. टॅग आधी तपासून घेण्याची सोयही तिच्या स्वतःच्या प्रोफाइलपुरतीच. म्हणून उपाय लग्नाआधी करायला हवा. टॅगिंगच्या सेटिंगमध्ये, आपल्याला टॅग केल्यावर पोस्टच्या प्रेक्षकांत आणखी कोणाची भर पडावी, असा एक प्रश्न आहे. तिथे 'Only me' निवडलं की टॅगमुळे होणारा हा फैलाव थांबतो. इन्स्टाग्रामवर टॅगला हाताने मंजुरी देण्याचा पर्याय आहे. त्याने नको असलेला फोटो आपल्या प्रोफाइलवर चढत नाही, पण टाकणाऱ्याचं खातं पब्लिक असेल तर तो तिथे कोणालाही दिसतोच. वधू-वरांशी कार्यक्रमांची यादी ठरवायला बसतो, तेव्हाच ही दोन्ही सेटिंग्ज त्यांच्याकडून करून घ्यावीत.

दुसरी बाब वेळेची. लोकेशन टाकून सकाळीच स्टोरी चढवली, की सगळं घर कार्यालयात आहे आणि राहत्या घराला कुलूप आहे, हे परक्यालाही कळतं. स्टोरी चोवीस तासांनी जाते, पण तोवर कुलूपही चोवीस तास दिसत राहतं. रुखवताच्या टेबलावर मांडलेल्या दागिन्यांच्या क्लोज-अपचंही तेच. हे फोटो वरात घरी पोचल्यावर टाकले तर कोणाचंच काही बिघडत नाही.

'फोटो काढू नका' अशी पाटी आपल्याकडे चालणार नाही, आणि तशी गरजही नाही. मजकूर साधा, घरच्या आवाजातला असावा. उदाहरणार्थ :

'फोटो मनसोक्त काढा. फक्त मंगलाष्टका चालू असताना मोबाइल खाली ठेवा. फोटो रात्री, कार्यक्रम संपल्यावर टाका. लोकेशन टाकू नका. कोणालाही टॅग करण्याआधी त्यांना विचारा. लहान मुलांचे फोटो त्यांच्या आई-वडिलांना विचारूनच टाका. हळदीचे फोटो कुटुंबाच्या ग्रुपवरच राहू द्या. कोणी टाकलेला फोटो हटवायला सांगितला, तर कारण न विचारता हटवा.'

हाच मजकूर आदल्या दिवशी व्हॉट्सअॅपवर गेला पाहिजे, कारण दारातली पाटी वाचायला कोणी थांबत नाही. तो वधू-वरांच्या किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या नावाने जावा. आपण सांगितलं तर पाहुण्यांना ती फोटोग्राफरची अरेरावी वाटते. काकांनी सांगितलं की ऐकलं जातं.

आणि पाहुण्यांना शहाणपण सांगताना आपलं काय? लग्न लागतं न लागतं तोच आपलं रील तयार असतं, त्यात वधूचा टॅग, कार्यालयाचा टॅग, मेकअपवालीचा टॅग. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढून घेणारा असतो. वेगळा करार असेल तरच गोष्ट वेगळी. म्हणजे लेखी परवानगी नसताना तो फोटो आपल्या पेजवर टाकण्याचा हक्क आपण गृहीत धरू शकत नाही. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात घरगुती वापराला सूट आहे, पण आपला वापर धंद्याचा आहे, हेही लक्षात असू द्या.

कोटेशनमध्ये दर, अल्बमची पानं, ड्रोन, सगळं लिहितो. त्याच कागदावर तीन ओळी वाढवा : कोणते फोटो आपण टाकणार, कधी टाकणार आणि कोणाला टॅग करणार. त्याखाली सही घ्या आणि मगच अॅडव्हान्स घ्या.