झाकला हुकूम

ज्यांना मेंढीकोट खेळता येतो, त्यांच्याशी टॅरोबद्दल बोलायला मला फार वेळ लागत नाही. ज्यांना टॅरो येतो, त्यांच्याशी बोलायला मात्र अख्खी दुपार जाते आणि वर चहाही आपल्यालाच करावा लागतो.

बंद हुकमाच्या मेंढीकोटात एक भिडू आपल्या हातातलं एक पान पालथं घालून ठेवतो. ते पान काय आहे हे त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नसतं. पुढे कुणाकडे चालू रंगाचं पान नसलं, की तो हुकूम उघडायला लावतो. पान उलटलं आणि बदाम निघाला, तर हुकूम बदामाचा. आता इतका वेळ पान झाकलेलं होतं, म्हणून "हा बदाम मुळात इस्पिकच आहे, पण दबलेला" असं कुणी म्हणालं, तर त्याला पुन्हा कुणी डावात घेईल का? माझं सगळं भांडण एवढंच आहे. झाकलेलं असणं हा पानाच्या जागेचा गुण. त्याने पानाचा रंग बदलत नाही.

टॅरो न पाहिलेल्या वाचकांसाठी थोडी तयारी. पत्ते अठ्ठ्याहत्तर. आपल्याकडे जो संच सर्रास दिसतो, त्याची चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंनी काढली. ए. ई. वेट या गृहस्थांच्या सांगण्यावरून काढलेला तो संच 1909 साली लंडनमध्ये निघाला. दहा पत्त्यांची 'सेल्टिक क्रॉस' ही मांडणीही वेटच्या पुस्तकातूनच जगभर गेली. मधे एक पत्ता, त्याच्यावर आडवा एक, वर एक, खाली एक, दोन बाजूंना दोन आणि उजवीकडे खालून वर चार पत्त्यांची उतरंड. प्रत्येक जागेला अर्थ आहे आणि प्रत्येक पत्त्यालाही. म्हणजे कुंडलीसारखंच. सप्तमस्थान म्हणजे विवाह हे ठरलेलं. तिथे मंगळ बसलाय की गुरू, यावर मुलीच्या बापाच्या चेहऱ्याचा रंग ठरतो. स्थान प्रश्न विचारतं, ग्रह उत्तर देतो. इतकं सरळ आहे.

घोळ होतो तो त्या खालच्या पत्त्याशी. वेटच्या यादीत ही जागा म्हणजे प्रकरणाचा पाया: जे आधीच घडून गेलंय आणि त्या माणसाच्या अंगी मुरलंय ते. एखाद्याने 'बूड' म्हटलं तरी चालेल. वेटने तिथे सुप्त मनाचं नाव घेतलेलं नाही. ते नंतरच्या लेखकांनी आणून बसवलं: वरची जागा जागृत मनाची, खालची सुप्त मनाची. काहींनी तिलाच 'छुपा प्रभाव' म्हटलं. बसवलं तर बसवलं, त्याला माझी हरकत नाही. भाडेकरू बदलतात. पण भाडेकरूने येऊन घराचे खांबच हलवावेत, याला काय म्हणायचं?

आमच्या सोसायटीत एक ताई पत्ते बघतात. मनाने अतिशय चांगल्या, पैसे घेत नाहीत आणि पत्ते पिसताना फोनकडे बघत नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने आधीच नमूद करतो. पण त्यांच्या खालच्या जागेत कुठलाही पत्ता पडो, अर्थ एकच निघतो. सूर्य पडला तर "तुमचा आनंद दडपलेला आहे." तीन तलवारी खुपसलेलं हृदय पडलं तर "तुमचं दुःख दडपलेलं आहे." रथ पडला तर जिद्द दडपलेली. मी एकदा हिशेब केला: त्या जागेसाठी ताईंना अठ्ठ्याहत्तर पत्त्यांची गरजच नाही. 'दडपलेलं आहे' असा एक रबरी शिक्का करून घेतला तरी भागेल. आणि मुख्य म्हणजे यात सूर्याचा काळोख होतो, ते कुणाच्या लक्षात येत नाही. पायाशी सूर्य, म्हणजे ज्याला आपण विसरलोय असं काहीतरी उबदार अजून आपल्याला धरून आहे, असा साधा अर्थ असताना, ऐकणारा मात्र 'मी मुळात दुःखी आहे' अशी बातमी घेऊन घरी जातो.

हे सगळं गमतीत सोडून दिलं असतं, पण मध्ये आमच्या नानांचं प्रकरण झालं.

नाना म्हणजे आमचे वरच्या मजल्यावरचे शेजारी. वय पंचाहत्तर. प्रश्न असा, की फ्लॅट बंद करून नाशिकला मुलीकडे कायमचं जावं का? मुलगी दोन वर्षं बोलावते आहे. ताईंनी मांडणी केली. खालच्या जागेत आली नाण्यांची चव्वी. चित्र असं: एक मुकुटवाला माणूस बसलाय, एक नाणं त्याने दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलंय, एक डोक्यावर आहे आणि दोन पायांखाली दाबली आहेत.

"नाना, राग मानू नका," ताई म्हणाल्या, "पण तुमच्या सुप्त मनात पैशाची हाव आहे."

"नाही हो ताई," नाना म्हणाले. हा माणूस भाजीवाल्याकडे सुटे पैसे नसले तर "राहू दे, उद्या" म्हणतो आणि उद्या विसरतो.

"तुम्हाला कसं कळणार? सुप्त आहे ना ते!"

आता या वाक्याला उत्तर काय आहे, सांगा. 'हो' म्हटलं तर कबुली, 'नाही' म्हटलं तर पुरावा. चोराला निदान वकील मिळतो. नाना आठ दिवस झोपले नाहीत. आपण मुलीच्या जीवावर बसायला निघालोय की काय, या शंकेने त्यांनी तिला फोन करून "सध्या नको" असं कळवूनही टाकलं. मुलगी रडली. एका चव्वीपायी!

मग मी ताईंकडे गेलो आणि ती दुपार सुरू झाली.

माझा पहिला सवाल: छुपं, पण कुणापासून? ही जागा ज्याला 'छुपी' म्हणायची आहे, त्याने पत्ते पिसायच्या आधी हे ठरवलं पाहिजे. माणसाला स्वतःचंच न दिसणारं, हा एक अर्थ. त्याच्यापासून दुसऱ्यांनी लपवलेलं, हा दुसरा. आणि अजून उघडकीस न आलेलं, पण आत चालू असलेलं, हा तिसरा. तिन्हीत चव्वीचा अर्थ वेगळा. दुसऱ्या अर्थाने घेतली, तर हात आवळून बसलेला माणूस नाना नव्हेतच, आणखी कुणीतरी आहे! पत्ता उघडल्यावर सोयीचा अर्थ निवडणं म्हणजे पान उलटल्यावर हुकूम ठरवणं. ताई म्हणाल्या, "मी सुप्त मनच धरते, नेहमी." ठीक. मग तेच धरून चालू.

दुसरा सवाल: चव्वीत हाव कुठे आहे? धरून ठेवणं आहे. वेटने या पत्त्याला जे अर्थ दिले, त्यांत हातचं घट्ट धरणं आहे, तशीच देणगी आणि वारसाही आहे. हाव असलेला माणूस आणखी मिळवायला हात पुढे करतो; याचे दोन्ही हात आधीच गुंतलेत. पायांखालीही नाणी, त्यामुळे उठताही येत नाही. 'उठू शकत नाही' हे चित्रात सरळ दिसतं. जागेने फक्त एवढं सांगायचं, की हे धरून ठेवणं प्रश्नाच्या बुडाशी आहे आणि त्याची मोजदाद प्रश्न विचारणाऱ्याने केलेली नाही. काय धरलंय, ते पत्ता आणि प्रश्न मिळून सांगतील. प्रश्न तर घर सोडण्याचा होता.

तिसरी गोष्ट, शेजारपाजार बघा. उजव्या उतरंडीतला सर्वांत खालचा पत्ता म्हणजे तो माणूस स्वतः. तिथे नानांना आली होती नाण्यांची छक्की: तराजू धरलेला व्यापारी गरजूंना पैसे वाटतोय. म्हणजे एका जागी दाता, दुसऱ्या जागी कंजूष? ताईंचं उत्तर तयार होतं: "वरवर दाता, आतून कंजूष." हे असं कुठलंही कुठेही जुळवता येतं, म्हणूनच ते चूक आहे. दोन पत्ते भांडताना दिसले, की आधी आपला अर्थ तपासावा, माणसाचं चारित्र्य नव्हे.

मग आम्ही दोघं वर गेलो आणि ताईंनी, त्यांचा मोठेपणा, नानांना आरोपाऐवजी प्रश्न विचारला. "नाना, हा फ्लॅट तुमच्याकडे आला कसा?"

नाना बराच वेळ गप्प बसले. वडिलांच्या वाड्यातल्या दोन खोल्यांच्या मोबदल्यात तो मिळाला होता. वडील म्हणाले होते, कुलूप लागू देऊ नकोस. हे नाना विसरले होते असं नाही. पण नाशिकचा विचार करताना ते कारणांच्या यादीत कधी धरलंच नव्हतं. यादीत काय होतं, तर गुडघे, डॉक्टर आणि नाशिकचं पाणी.

यात पत्त्यांना सगळं कळलं असा माझा दावा नाही. चांगल्या शेजाऱ्याने पत्त्यांशिवायही हे विचारलं असतं. माझा मुद्दा वेगळा आहे. हा अर्थ नानांना तपासता आला. फ्लॅट खुशाल विकत घेतलेला निघाला असता, तर आम्ही खोटे पडलो असतो. 'सुप्त मनातली हाव' कधीच खोटी पडत नाही, आणि बिचाऱ्याला त्यातून सुटायला दारही नाही.

न्यायाच्या दृष्टीने उलटी चूकही सांगायला हवी. काहींच्या हाती पत्ता जागेलाच गिळून टाकतो. खालच्या जागेत कोसळणारा मनोरा आला, की "घरावर संकट येणार!" अहो, ती जागा पायाची. तिथला मनोरा आधीच पडलाय, आपण त्याच्या विटांवर उभे आहोत. भूतकाळाच्या जागी भविष्यकाळ वाचला, तर विमा एजंटाचंच भलं होईल.

आणि चंद्र? तो पत्ता स्वतःच धूसर आणि संदिग्ध गोष्टींचा. तो छुप्या जागेत आला की लोक "फारच छुपं आहे हो" म्हणून डोळे मोठे करतात. ही बातमी नव्हे, पुनरुक्ती आहे. जागा आणि पत्ता एकच बोलू लागले, तर मी चित्रातल्या बारीकसारीक गोष्टींकडे जातो. चंद्राच्या चित्रात पाण्यातून एक खेकड्यासारखा प्राणी वर येतोय आणि समोर वाट आहे. म्हणजे जे आहे ते बाहेर यायला निघालंय. काहीतरी नवं हाती लागलं.

ताईंना हे सगळं पटलं असं म्हणता येणार नाही. चंद्रावर त्यांचं-माझं अजून वाजतं. पण त्यांच्या वहीत चौथ्या जागेपुढचं 'सुप्त मन' खोडून त्यांनी 'बूड' असं लिहिलंय, हे मी डोळ्यांनी पाहिलं. नाना दिवाळीनंतर नाशिकला जाणार आहेत. फ्लॅटची किल्ली माझ्याकडे आहे. रोज संध्याकाळी दिवा लावायला जावं लागतं.