सात टक्के कुठे जातात?

समुद्राच्या उष्णतेवर वीज करण्याचा, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या ‘ओटेक’चा लेख आला की त्यात एक आकडा हमखास असतो. पृष्ठभागाचे पाणी २८ अंश, हजार मीटर खोलीवरचे ५ अंश, म्हणून आदर्श कार्यक्षमता ७.६ टक्के. आकडा बरोबर आहे. केल्विनमध्ये मांडले तर ३०१ आणि २७८, फरक २३, त्याला ३०१ ने भागायचे. कार्नोची ही मर्यादा कोणत्याही यंत्राला ओलांडता येत नाही. आमची तक्रार वेगळी आहे. हा आकडा देऊन लेख पुढे सरकतो आणि प्रकल्प जिथे जगतो किंवा मरतो, तिथे पोहोचतच नाही.

कार्नोचे सूत्र धरून चालते की उष्णता आत-बाहेर जाताना तापमानाचा एक अंशही खर्च होत नाही. त्यासाठी हीट एक्स्चेंजर अमर्याद मोठा हवा आणि पाणीही अमर्याद हवे. प्रत्यक्षात २८ अंशांचे पाणी इव्हॅपोरेटरमधून ३ अंश थंड होऊन २५ वर बाहेर पडते आणि त्याच्याही २ अंश खाली, २३ वर, अमोनिया उकळतो. दुसऱ्या बाजूला ५ अंशांचे पाणी ८ वर जाते आणि अमोनिया १० अंशांवर द्रवतो. चिलरवर काम करणाऱ्यांना हे ‘अप्रोच’ रोजचेच आहेत. फरक इतकाच, की इथे एकूण भांडवलच २३ अंशांचे आहे आणि त्यातले १० उष्णतेच्या ने-आणीतच गेले. टर्बाइनच्या वाट्याला उरले १३. २३ आणि १० अंशांमधली आदर्श कार्यक्षमता ४.४ टक्के होते. टर्बाइन, जनरेटर आणि अमोनियाचा पंप यांचे नुकसान वजा करून आपण हिशेबाला ३ टक्के धरू.

इथे कोणीतरी म्हणतेच, ‘उष्णता फुकट आहे, मग ३ टक्के काय आणि ७ टक्के काय?’ उष्णता फुकट आहे, पण पाणी हलवणे फुकट नाही. ढोबळ १ मेगावॅट हवे असेल तर ३३ मेगावॅट उष्णता घ्यावी लागते. पाणी ३ अंशांनी थंड होताना किलोमागे साधारण १२ किलोज्यूल देते. म्हणजे कोमट पाणी सेकंदाला सुमारे २.८ टन आणि थंड पाणी जवळजवळ तितकेच, २.७ टन लागते.

थंड पाण्याबद्दल एक गैरसमज आधी दूर करायला हवा. हजार मीटरवरून आणायचे म्हणून ते हजार मीटर उपसावे लागत नाही. पेल्यात नळी उभी बुडवली की आतले पाणी आपोआप बाहेरच्या पातळीला येते, तसेच समुद्रातल्या पाइपचे आहे. थंड पाणी जरा जड, म्हणून आतली पातळी थोडी खाली राहते. पंपाला भरून काढायचा असतो तो हा फरक, पाइपमधले घर्षण आणि कंडेन्सरमधला दाबाचा ऱ्हास. १.४ मीटर व्यासाचा पाइप धरला तर हे सगळे मिळून ६ मीटर हेड धरायला हरकत नाही. पंप आणि मोटर मिळून ७२ टक्के कार्यक्षम असतील तर थंड पाण्याला २२० किलोवॅट लागतात. कोमट पाण्याला ३ मीटर हेड धरले तर आणखी ११५. एकूण ३३५ आणि निव्वळ ६६५ किलोवॅट. या संयंत्रात एक मीटर जास्तीचे हेड म्हणजे ३७ किलोवॅट गेले. पाइपचा व्यास दहा टक्क्यांनी कमी करून पैसे वाचवले तर घर्षण जवळजवळ पावणेदोनपट होते आणि त्या एका मीटरचा बराचसा भाग तिथेच संपतो.

आता तापमानाचा फरक कमी करून पाहा. तेच संयंत्र, तेच पंप, फक्त फरक २३ ऐवजी १५ अंश. कार्नोचा आकडा ७.६ वरून ५ वर येतो आणि वाचणाऱ्याला वाटते, एक तृतीयांश घट झाली. पण फरक कमी झाला की पाण्यातून मिळणारी उष्णता त्या प्रमाणात घटते आणि त्या उष्णतेचे विजेत रूपांतर होण्याचे प्रमाणही घटते. म्हणून ढोबळ वीज फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात जाते. १००० चे साधारण ४२५ किलोवॅट होतात. पंप मात्र ३३५ घेतच राहतात. निव्वळ उरतात ९०. कार्नोत एक तृतीयांश घट आणि हातात येणाऱ्या विजेत सातपटीहून जास्त.

पंपांचा हा भार प्रत्यक्षातही दिसला आहे. जॉर्ज क्लोद यांनी १९३० मध्ये क्यूबातल्या मातान्सासच्या उपसागरात किनाऱ्यावर संयंत्र चालवले. त्यातून २२ किलोवॅट वीज निघाली, पण संयंत्र चालवायला त्याहून जास्त लागली. हवाईजवळ १९७९ मध्ये बार्जवर चाललेल्या ‘मिनी-ओटेक’ने ढोबळ सुमारे ५० किलोवॅट केले आणि निव्वळ १५ च्या आसपास दाखवले. लहान संयंत्रात पाइप आणि पंप तुलनेने जास्तच खातात. आपल्याकडे राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचे तामिळनाडूच्या किनाऱ्यापुढचे १ मेगावॅटचे तरंगते संयंत्र अडले ते थंड पाण्याचा लांब पाइप समुद्रात उतरवताना. त्याच संस्थेने २००५ मध्ये लक्षद्वीपमधल्या कवरत्तीला दिवसाला १ लाख लिटर गोडे पाणी देणारे संयंत्र उभे केले. तिथे पाइप साधारण साडेतीनशे मीटर खोलीवर जातो आणि फरक १५ अंशांच्या आसपास मिळतो. त्या फरकावर वीज करण्याऐवजी पाणी करायचे ठरवले, हा निर्णय आम्हाला फार शहाणपणाचा वाटतो. कोकण किनाऱ्याबद्दल विचारणाऱ्या वाचकांनी नकाशा पाहावा. मुंबईसमोर खंडमंच सुमारे ३०० किलोमीटर पसरला आहे, हजार मीटर खोली त्याच्याही पलीकडे. लक्षद्वीपची बेटे समुद्रतळातून उभी चढतात, म्हणून तिथे हे जमते.

संयंत्र चालू झाल्यावरची खरी लढाई इव्हॅपोरेटरच्या पृष्ठभागावर असते. आपल्या उदाहरणात तो सुमारे ३४०० चौरस मीटरचा येतो. त्याच्यावर ५० मायक्रॉन जैविक थर बसला, केसापेक्षाही बारीक, तर उष्णतावहन सुमारे २० टक्के घटते. तेवढीच उष्णता घ्यायला अमोनिया २३ ऐवजी २२.२ अंशांवर उकळू लागतो, दाब ०.२ बारच्या थोडा वर उतरतो आणि ढोबळ विजेतले सुमारे ६० किलोवॅट जातात. निव्वळातला जवळजवळ अकरावा हिस्सा. थंड बाजूला असा थर नगण्य बसतो. हवाईतल्या चाचण्यांत कोमट बाजूला दिवसातून एक तास, अब्जामागे १०० भाग इतक्या क्लोरीनने तो आवरला.

पण थर बसला हे कळणार कसे? दाब उतरला एवढे पुरत नाही, समुद्रच अर्ध्या अंशाने थंड झाला असला तरी तो उतरतो. बाहेर पडणारे पाणी आणि अमोनियाचे उकळणे यांतला २ अंशांचा फरक रोज नोंदवावा. पाण्याचा प्रवाह तोच असताना हा फरक वाढत गेला तर दोष पृष्ठभागाचा. समुद्र थंड झाला असेल तर दोन्ही तापमाने बरोबरीने उतरतात, फरक फारसा हलत नाही. कंडेन्सरचा दाब चढू लागला आणि थंड पाण्याचे तापमान व प्रवाह तेच असतील, तर आधी अमोनियात शिरलेली हवा शोधावी.

हे मोजायचे तर साधन तितके नेमके हवे. ए-वर्गाचा Pt100 सुद्धा २८ अंशांना ०.२ अंश इकडे-तिकडे चालतो, दोन सेन्सर मिळून ०.४ अंश. शोधायचा बदल ०.८ अंशांचा. म्हणून दोन्ही सेन्सर एकाच बाथमध्ये जोडीने कॅलिब्रेट केलेले हवेत. यापुढे या विषयावरचा लेख पाठवणाऱ्यांनी निव्वळ वीज, पंपांनी घेतलेली वीज आणि पाण्याची व अमोनियाची सगळी तापमाने द्यावीत, शेवटचे कॅलिब्रेशन कधी झाले त्या तारखेसह.