ग्राहक थेट कधी घ्यावा?

ऑगस्ट 2024 मध्ये आमची एक माजी विद्यार्थिनी घरी आली. दहावीला ती आमच्या वर्गात होती, पुढे बीकॉम झाली. लग्नानंतर मिरजेत राहते आणि घरी बसून परदेशातल्या छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहिते. ती म्हणाली, "सर, एक गोष्ट विचारायची होती. माझा इंग्लंडचा ग्राहक म्हणतोय, मधल्या वेबसाइटला पैसे कशाला द्यायचे, मी सरळ तुमच्या बँकेत टाकतो. घेऊ का?"

घरातल्या सगळ्यांचे एकच म्हणणे होते: घे, ग्राहकच देतो म्हणतोय, यात चोरी कसली? तिचे मन मात्र घेत नव्हते. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी बसून वेबसाइटचे नियम वाचले आणि कागदावर आकडेमोड केली. आज बऱ्याच घरांतल्या मुली आणि सुना असे काम करतात, म्हणून तोच हिशेब इथे मांडत आहोत.

तिचे काम अपवर्क या वेबसाइटवरून येते. तिथे खाते उघडताना आपण जे नियम मान्य करतो, त्यांत एक नियम असा आहे की वेबसाइटमुळे ज्या ग्राहकाशी ओळख झाली, त्याच्याशी होणारा सगळा पैशाचा व्यवहार ओळख झाल्यापासून 24 महिने वेबसाइटमार्फतच करायचा. इथे बहुतेकांची एक गफलत होते. ही दोन वर्षे शेवटच्या कामापासून मोजायची नाहीत. त्या ग्राहकाची आणि आपली तिथे पहिली गाठ पडली तिथून ती मोजायची. दुसरी गफलत माणसाविषयी असते. ग्राहकाचा भागीदार किंवा त्याच्याच दुकानातला दुसरा कोणी "मला वेगळे बिल कर" म्हणाला, तर तो नवा ग्राहक ठरत नाही, ती ओळख त्याच दुकानाची. तसेच आपल्या भावाच्या किंवा नवऱ्याच्या नावावर पैसे मागवणे म्हणजे तोच नियम मागच्या दाराने मोडणे. याउलट वेबसाइटवर येण्याआधीपासून जो आपला ग्राहक होता, त्याला हा नियम लागू होत नाही.

हे नियम सगळीकडे सारखे नाहीत. फायव्हरवर भेटलेल्या ग्राहकाकडून बाहेर पैसे घ्यायला सरळ मनाई आहे, आणि कामाला गरज नसताना फोन नंबर किंवा ईमेल दिला तरी तो नियमभंग धरतात. म्हणून "मैत्रिणीने केले, तिला काही झाले नाही" यावर जाऊ नये. ज्या वेबसाइटवर आपले खाते आहे, तिचा नियम त्या दिवशी उघडून वाचावा.

आता आमच्या विद्यार्थिनीची गोष्ट. त्या दुकानदाराच्या कामासाठी तिने पहिला अर्ज मार्च 2023 मध्ये टाकला आणि त्याच महिन्यात काम सुरू झाले. त्याने थेट पैशाची गोष्ट काढली ऑगस्ट 2024 मध्ये. म्हणजे सतरा महिने झाले होते आणि सात उरले होते. तिचा दर तासाला 12 डॉलर, आठवड्याला सरासरी 15 तास, म्हणजे आठवड्याचे 180 डॉलर. त्यातले दहा टक्के, म्हणजे 18 डॉलर, वेबसाइट कापून घेत होती. ग्राहकाला त्याच्या बाजूने वेगळे शुल्क पडत होतेच.

मुदतीआधी थेट जायचा एक सरळ रस्ता अपवर्कने ठेवलेला आहे. ठरलेले शुल्क भरले की ते नाते वेबसाइटबाहेर नेता येते. ग्राहकाने भरले तरी चालते, आपण भरले तरी चालते. पण ते मोजतात कसे ते पाहा. तासाचा दर गुणिले 2,080 तास, त्यावर टक्केवारी. 2,080 म्हणजे आठवड्याला 40 तासांप्रमाणे 52 आठवडे, पूर्ण वेळ नोकरीचे वर्ष. आपण खरोखर किती तास करतो हे त्यात येत नाही. टक्केवारी वेळोवेळी बदलते. हिशेबासाठी आम्ही साडेतेरा टक्के धरले. 12 गुणिले 2,080 म्हणजे 24,960 डॉलर आणि त्याचे साडेतेरा टक्के म्हणजे जवळजवळ 3,370 डॉलर.

दुसऱ्या बाजूला, उरलेले सात महिने, म्हणजे साधारण तीस आठवडे, तिथेच काम चालू ठेवले तर तिच्या बाजूने किती जातील? आठवड्याला 18 प्रमाणे 540 डॉलर. एकीकडे 3,370 आणि दुसरीकडे 540. पूर्ण वेळ काम करणाऱ्या आणि मोठा दर घेणाऱ्या माणसाने पहिल्याच महिन्यात शुल्क भरायचे ठरवले, तर कदाचित त्याचा हिशेब जुळेल. आठवड्याला पंधरा तास काम करणाऱ्या बाईने मुदत संपायची वाट पाहावी, हेच स्वस्त.

तिसरा रस्ता गुपचूप पैसे घेण्याचा. त्यात काय जाते? खाते बंद होऊ शकते. तिचे एकूण चार ग्राहक आहेत आणि चारही त्याच खात्यावर. तीन वर्षांत मिळालेले अभिप्राय तिथेच आहेत. 540 डॉलर वाचवायला हे सगळे पणाला लावायचे. शिवाय जो ग्राहक आपल्याला एक नियम मोडताना पाहतो, त्याच्या दुकानाच्या बँक खात्याचे हिशेब आपल्याच हातात असतात. आज त्याच्या फायद्यासाठी आपण दिलेला शब्द मोडला, तर उद्या त्याच्याबाबत काय करू, हा प्रश्न त्याच्या मनात येणारच. हिशेबनीसाचे सगळे दुकान अमानतीवर चालते.

खरी अडचण पुढे होती. त्याच नियमांत असेही लिहिले आहे की कोणी बाहेर पैसे देऊ केले, तर ते वेबसाइटला लगेच कळवावे. ती म्हणाली, "सर, चांगला माणूस आहे, त्याची चुगली कशी करू?" आम्हालाही ते बोचले. पण वाट निघाली. तिने वेबसाइटच्या मदत विभागाला लिहिले की माझ्या या ग्राहकाने थेट पैसे द्यायचे विचारले आहे, मी नाही म्हटले आहे, नियमाप्रमाणे पुढे केव्हा आणि कसे जाता येईल ते सांगा. यात लपवणे नाही आणि ग्राहकावर आरोपही नाही. आणि हे आपण कळवत आहोत, हे तिने ग्राहकालाही आधी सांगितले.

ग्राहकाला तिने वेबसाइटच्या संदेशातच उत्तर दिले, फोनवर नाही. मतलब असा: तुम्ही विचारलेत हे आवडले. आपली ओळख इथे झाली आणि मार्च 2025 पर्यंत पैसे इथूनच घ्यायचे मी कबूल केले आहे. त्याआधी जायचे तर शुल्क भरावे लागते, त्याचा हिशेब सोबत जोडला आहे. मला वाटते वाट पाहणे आपल्या दोघांच्या सोयीचे. तोपर्यंत कामात काही बदल होणार नाही. दुकानदाराने एका ओळीत होकार पाठवला. पुढच्या महिन्यात त्याने तिचे तास वाढवले.

मुदत जवळ आली तेव्हा तिने तीन कामे केली. दोन वर्षे पुरी झाल्याची खात्री पहिल्या अर्जाच्या तारखेवरून केली आणि वर पंधरा दिवस जाऊ दिले. चालू आठवड्याचे तास वेबसाइटवरच पुरे नोंदवून पैसे तिथेच घेतले, अर्धे इथे आणि अर्धे तिथे असे केले नाही. मग करार रीतसर बंद केला, त्यामुळे ग्राहकाचा शेवटचा अभिप्रायही मिळाला. बाकीचे तीन ग्राहक वेबसाइटवरच राहिले, कारण त्यांची मुदत अजून बाकी होती.

थेट गेल्यावर एक आधार सुटतो, तो लक्षात ठेवावा. वेबसाइटवर तासांची नोंद आपोआप होते, पैसे आठवड्याला निघतात आणि तंटा झाला तर मध्ये कोणीतरी असते. आता ते सगळे आपल्याच कागदावर उभे करायचे. तिने दोन पानांचा करार केला. त्यात काम कोणते, दर किती, बिल केव्हा, पैसे किती दिवसांत, आणि काम थांबवायचे तर कोणी किती दिवस आधी सांगायचे, इतकेच. परदेशातून बँकेत पैसे येताना प्रत्येक वेळी शुल्क लागते, म्हणून 180 डॉलर दर आठवड्याला मागवणे परवडत नाही. पण महिन्याचे बिल केले तर महिनाभराची मेहनत उधारीवर राहते. तोड अशी काढली की बिल महिन्याचे, साधारण 65 तासांचे 780 डॉलर, आणि दोन आठवड्यांचे 360 डॉलर आधी जमा. ग्राहक अचानक गप्प झाला, तरी बुडेल ते 420 पर्यंतच. बिल थकले तर पुढचा महिना सुरू करायचा नाही, हेही करारात लिहिले.

दर तिने 12 डॉलरच ठेवला. ग्राहकाचे त्याच्या बाजूचे शुल्क वाचले, तिचे दहा टक्के वाचले, त्यातून बँकेचा खर्च तिने सोसला. दुकानाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये मालकाचा पासवर्ड वापरणे तिने बंद केले आणि स्वतःच्या नावाचा वेगळा प्रवेश मागून घेतला. काम संपले की मालकाला तो एका मिनिटात बंद करता येतो.

बिलांना क्रमांक घालणे आणि प्रत्येक रकमेसाठी बँकेकडून परदेशी पैसे आल्याचा दाखला घेणे, ही सवयही तिने लावली. वेबसाइटवर कमाईची यादी तयार मिळत होती, आता आयकराच्या वेळी हेच कागद दाखवायचे आहेत. मिळकत परदेशातून आली तरी ती इथे करपात्रच आहे.

या ईदला ती पुन्हा आली होती. दुकानदाराच्या साडूचे बेकरीचे दुकान आहे, त्याचेही हिशेब आता तिच्याकडे आले आहेत. हा माणूस वेबसाइटवर कधी नव्हता, दुसऱ्याच दुकानाचा मालक, तोंडी शिफारशीवरून आलेला. त्याच्याशी पहिल्या दिवसापासून थेट व्यवहार आहे आणि त्याला कोणाचीच आडकाठी नाही. आम्ही विचारले, त्याने तुझी चौकशी कशी केली? ती हसून म्हणाली, "साडूने त्याला इतकेच सांगितले, ही बाई सात महिने थांबली होती."