कारण सांगा, नाहीतर कागद द्या

'आपण मागितलेली माहिती त्रयस्थ व्यक्तीशी संबंधित असल्याने व व्यापक लोकहित दिसून येत नसल्याने देता येत नाही.' माहिती अधिकाराचा अर्ज केलेल्या कित्येकांच्या हाती असे एका ओळीचे पत्र पडते. कधी 'माहिती गोपनीय आहे', कधी 'प्रकरण चौकशीत आहे', तर कधी 'अभिलेख उपलब्ध नाही' एवढेच लिहिलेले असते. कायद्याचे कलम त्यात नसते आणि नकाराचे नीट कारणही नसते. सोलापूरच्या जिल्हा परिषदेपासून तालुक्याच्या पंचायत समितीपर्यंत कुठेही अर्ज करणाऱ्याने असे पत्र आले म्हणून घरी बसू नये. अशा नकारावरचा इलाज माहिती अधिकार कायद्यातच दिलेला आहे. तो म्हणजे कलम १९(१) खालचे पहिले अपील. हे अपील नीट लिहिले जावे आणि तितक्याच नीट ऐकले जावे, एवढ्यासाठी हा प्रपंच.

केंद्राचा माहिती अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला. महाराष्ट्रात त्याआधीच, २००२ पासून, स्वतःचा माहिती अधिकार कायदा होता. म्हणजे या राज्यातल्या कार्यालयांना ही जबाबदारी नवी नाही. माहिती नाकारायची तर काय करावे लागते, हे कलम ७(८) मध्ये स्पष्ट आहे. नकाराची कारणे, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील, या तिन्ही गोष्टी माहिती अधिकाऱ्याने अर्जदाराला कळवायच्या असतात. एका ओळीच्या पत्रात यातले काहीच नसेल, तर माहिती देण्याजोगी आहे की नाही हा वाद सुरू होण्याआधीच ते पत्र सदोष ठरते. अपिलाचा पहिला मुद्दा हाच असावा.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका रहिवाशाच्या गल्लीत काँक्रीटचा रस्ता झाला आणि पहिल्याच पावसात उखडला. त्याने २ जूनला स्थानिक संस्थेच्या बांधकाम खात्यात अर्ज देऊन तीन कागद मागितले: कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने आणि ठेकेदाराला अदा केलेल्या देयकांच्या प्रती. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावला आणि पोच घेतली. २८ जूनला त्याला वर दिलेले त्रयस्थ व्यक्तीचे उत्तर मिळाले. आता त्याच्याकडे ३० दिवस आहेत. म्हणजे २८ जुलैपर्यंत अपील दाखल झाले पाहिजे. उत्तरच आले नसते, तर २ जुलैला ३० दिवस संपताच कायद्याने तो नकार मानला गेला असता आणि तिथून पुढचे ३० दिवस मिळाले असते. मुदत हुकली तरी पुरेसे कारण असल्यास अपील दाखल करून घेता येते. ते कारण मात्र अपिलातच लिहावे लागते.

महाराष्ट्राच्या नियमांत पहिल्या अपिलासाठी जोडपत्र 'ब' ठरवून दिले आहे. त्यात अपीलकाराचे नाव व पत्ता, माहिती अधिकाऱ्याचा तपशील, आदेश मिळाल्याची तारीख, अपिलाची शेवटची तारीख, मागितलेल्या माहितीचा तपशील आणि अपिलाची कारणे लिहायची असतात. त्यावर वीस रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावावा आणि मूळ अर्ज, त्याची पोच व नकाराचे पत्र यांच्या प्रती जोडाव्यात. अपील जाते त्याच कार्यालयातल्या, माहिती अधिकाऱ्याहून वरिष्ठ पदावरच्या अधिकाऱ्याकडे. नकाराच्या पत्रात त्याचे नाव दिलेले नसेल, तर 'प्रथम अपिलीय अधिकारी' असे पदनाम आणि खात्याचे नाव लिहिले तरी चालते.

जोडपत्रातला खरा महत्त्वाचा रकाना शेवटचा, अपिलाच्या कारणांचा. अनेक अपिले इथेच कमी पडतात. रस्त्यात भ्रष्टाचार झाला आहे, अधिकारी उद्धट आहेत, ठेकेदाराला पाठीशी घातले जात आहे, असे पानभर लिहिले जाते आणि मुद्दा बाजूला राहतो. अपिलीय अधिकारी रस्त्याची चौकशी करायला बसलेला नसतो. माहिती नाकारणे कायद्याला धरून होते का, एवढेच त्याला ठरवायचे असते. तेव्हा कारणेही तेवढ्याच प्रश्नाची हवीत. कलम १९(५) या बाबतीत नागरिकाच्या बाजूने उभे आहे. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या कलमाने माहिती अधिकाऱ्यावर टाकली आहे. माहिती का हवी, हे सांगण्याचे बंधन तर कलम ६(२) प्रमाणे अर्जदारावर मुळातच नाही.

आपल्या उदाहरणातल्या रहिवाशाने मग काय लिहावे? पहिले कारण: नकाराच्या पत्रात कलम ८ किंवा ९ मधील कोणत्याही अपवादाचा उल्लेख नाही, त्यामुळे कलम ७(८) चा भंग झाला आहे. दुसरे कारण: त्रयस्थ व्यक्तीशी संबंध असणे हा कायद्यात स्वतंत्र अपवाद नाही. कलम ११ मध्ये फक्त कार्यपद्धती दिली आहे. त्रयस्थाने गोपनीय म्हणून दिलेली माहिती असेल, तर त्याला पाच दिवसांत नोटीस द्यायची, म्हणणे मांडायला दहा दिवस द्यायचे आणि मग निर्णय घ्यायचा. अशी नोटीस दिली होती काय, हे अपिलात विचारावे. तिसरे कारण: मोजमाप पुस्तिका ठेकेदाराने लिहिलेली नसते, ती सरकारी अभियंत्याची नोंद असते आणि देयक सार्वजनिक पैशातून दिलेले असते. चौथे कारण: एखादा बँक खाते क्रमांक खरोखरच झाकायचा असेल, तर कलम १० प्रमाणे तेवढा भाग वगळून बाकीची प्रत देता येते. चार कारणे, प्रत्येकी दोन-तीन वाक्यांत. शेवटी मागणी अशी: तिन्ही कागद ठरावीक मुदतीत देण्याचा आदेश व्हावा, सुनावणीची संधी मिळावी आणि निर्णय लेखी व सकारण कळवावा. माहिती अधिकाऱ्याने मुदतीत उत्तरच दिले नसेल, तर कलम ७(६) प्रमाणे प्रती विनामूल्य मागाव्यात.

नकाराचे कारण बदलले, की अपिलाचा मुद्दाही बदलतो. 'चौकशी सुरू आहे' असे उत्तर असेल, तर भगत सिंग प्रकरणातला दिल्ली उच्च न्यायालयाचा २००७ चा निकाल सांगावा. चौकशी चालू आहे एवढ्याने माहिती रोखता येत नाही, माहिती दिल्यास चौकशीला अडथळा कसा येईल हे दाखवावे लागते, असे त्यात म्हटले आहे. 'अभिलेख सापडत नाही' या उत्तरावर त्याच न्यायालयाचा विश्वास भांबुरकर प्रकरणातला २०१३ चा निकाल आहे. असायला हवी ती फाइल मिळत नसेल, तर कसून शोध घेऊन जबाबदारी निश्चित करावी लागते. अशा वेळी शोध कोणी घेतला आणि फाइल शेवटी कोणाच्या ताब्यात होती, याच्या चौकशीचा आदेश अपिलात मागावा.

'वैयक्तिक माहिती' हे कारण मात्र आता अधिक अवघड झाले आहे. पूर्वी कलम ८(१)(ञ) मध्ये सार्वजनिक कामाशी संबंध आणि व्यापक लोकहित यांची कसोटी होती. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने ती काढून टाकली आणि हा बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आला. हा बदल नागरिकांच्या हिताचा नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. तरीही कलम ८(२) शाबूत आहे. संभाव्य हानीपेक्षा लोकहित मोठे असेल, तर अपवादातली माहितीही देता येते. म्हणून अशा अपिलात केवळ नकाराला विरोध करून भागणार नाही. त्या कागदातून कोणते लोकहित साधते, ते चार ओळींत मांडावे लागेल.

अपिलाच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. मूळ अर्जात न मागितलेला कागद अपिलात मागता येत नाही. 'रस्ता का उखडला?' हा प्रश्न माहितीत बसत नाही. सेल्सा पिंटो प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये हेच सांगितले. दप्तरी असलेली माहिती मागता येते, एखादी गोष्ट का केली याचा खुलासा मागता येत नाही. दंडाचेही तसेच. दिवसाला २५० आणि जास्तीत जास्त २५,००० रुपयांचा दंड फक्त माहिती आयोग करू शकतो, प्रथम अपिलीय अधिकारी नाही.

मग थेट आयोगाकडेच तक्रार का करू नये, असे काहींना वाटते. त्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने मणिपूर राज्याच्या प्रकरणात डिसेंबर २०११ मध्ये दिले आहे. कलम १८ च्या तक्रारीवर आयोग दंड करू शकतो, पण माहिती देण्याचा आदेश काढू शकत नाही. कागद हवा असेल, तर कलम १९ चीच वाट धरावी लागते आणि ती पहिल्या अपिलापासून सुरू होते. पुढची पायरी म्हणजे ९० दिवसांत आयोगाकडे दुसरे अपील. पण सतर्क नागरिक संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार महाराष्ट्राच्या आयोगाकडे एक लाखाहून अधिक अपिले आणि तक्रारी प्रलंबित होत्या. त्या रांगेत उखडलेल्या रस्त्याचे कागद मिळेपर्यंत ठेकेदाराची दोषदायित्वाची मुदतही संपून जाऊ शकते. म्हणून खरा निकाल पहिल्याच अपिलात लागायला हवा.

ही जबाबदारी अपिलीय अधिकाऱ्यांची आहे. कायद्याने त्यांना ३० दिवस दिले आहेत. लेखी कारण नोंदवले तर फार तर ४५ दिवस. आपल्या रहिवाशाने १० जुलैला अपील दिले असेल, तर निर्णय ९ ऑगस्टपर्यंत आणि कोणत्याही परिस्थितीत २४ ऑगस्टपर्यंत व्हायला हवा. केंद्राच्या कार्मिक विभागाने २००७ मध्येच कळवले आहे, की हे काम अर्धन्यायिक आहे आणि आदेश सकारण असला पाहिजे. 'माहिती अधिकाऱ्याने दिलेले उत्तर योग्य आहे, अपील निकाली' एवढाच शेरा म्हणजे आदेश नव्हे. आपल्याच हाताखालच्या अधिकाऱ्याविरुद्ध निर्णय देणे अवघड जाते हे खरे, पण कायद्याने वरिष्ठाची निवड केली ती त्याच्याकडे तो अधिकार आहे म्हणूनच.

सोलापूरचे जिल्हाधिकारी, जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी आणि महापालिका आयुक्त यांच्याकडे आमची मागणी साधी आहे. आपल्या प्रत्येक खात्याकडे किती पहिली अपिले आली, किती मुदतीत निघाली आणि किती आदेशांत कलमासह कारण दिले, याचा तक्ता दर महिन्याला जाहीर करावा. कारण न देता फेटाळलेले अपील दिसले, तर संबंधित अपिलीय अधिकाऱ्याकडून लेखी खुलासा घ्यावा. यासाठी नवा कायदा लागत नाही आणि निधीही लागत नाही. नागरिकांनीही नकाराचे पत्र हाती पडताच त्यावर मिळाल्याची तारीख लिहावी, ३० दिवस मोजावेत आणि वीस रुपयांचा स्टँप लावून कारणासह अपील द्यावे. विनाकारण दिलेला नकार कायद्याला मान्य नाही आणि तो नागरिकांनीही मान्य करू नये.