डबा कोणाचा?
आमच्या शेजारच्या घरात या आठवड्यात प्रोटीन पावडरचा बादलीएवढा डबा आला आणि जिमला जाणाऱ्या मुलाबरोबर त्याचे वडीलही सकाळी एक चमचा घेऊ लागले. दोघांचंही वजन 70 किलो. वडिलांचा व्यायाम म्हणजे रिमोट शोधणं. भारतीय शिफारस निरोगी प्रौढाला किलोमागे 0.83 ग्रॅमची आहे, म्हणजे त्यांना रोज 58 ग्रॅम प्रथिनं पुरतात. दिवसभरात सहा पोळ्या, दोन वाट्या घट्ट वरण, वाटीभर मटकीची उसळ, चहा-दह्यातून जाणारं पाऊण पेला दूध आणि दोन मुठी दाणे एवढ्यात हिशोब जवळपास मिटतो. कमी पडतं ते वरण पातळ झालं की. तिथे डाळ वाढवावी, डबा नव्हे. मुलाची गोष्ट निराळी. वजनं उचलल्यावर स्नायूंची डागडुजी आणि वाढ होते, त्याला जास्त माल लागतो. पण 2018 साली अनेक प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा किलोमागे साधारण 1.6 ग्रॅमनंतर स्नायूंच्या वाढीत सरासरीने भर पडताना दिसली नाही. म्हणजे त्याला 112 ग्रॅम. घरच्या जेवणावर तीन अंडी, 50 ग्रॅम सोयाबीन वड्या आणि पेलाभर दूध वाढवलं की तो जवळपास तिथे पोचतोच. वरची प्रथिनं शरीर साठवून ठेवत नाही. त्यांतला नायट्रोजन युरिया होऊन लघवीतून जातो, उरलेलं इंधन म्हणून जळतं किंवा चरबी होतं. वडिलांच्या चमच्याचं माझ्या मते हेच होतंय.