विश्लेषण : मोबाइलने वाचून दाखवलेले मराठी उत्तर कानाला का खटकते? ते ऐकण्याजोगे कसे मागावे?

मृगाच्या तोंडावर परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यात, वालूरसारख्या गावांत, घरचे सोयाबीन बियाणे म्हणून वापरायचे की नाही हा प्रश्न दरवर्षी येतो. आता तो मोबाइललाही विचारला जातो. पीएम-किसान योजनेसाठी ‘किसान ई-मित्र’ २०२३ मध्ये आले, राज्याच्या कृषी विभागाचे ‘महाविस्तार’ ॲप २०२५ मध्ये आले. शिवाय एआयवर चालणारी सर्वसाधारण ॲप आहेतच. हात बियाण्यात किंवा मातीत असताना उत्तर वाचण्यापेक्षा ते ऐकणे सोपे, म्हणून स्पीकरचे बटण दाबले जाते. मात्र पडद्यावर नीट दिसणारे उत्तर कानाला अनेकदा तुटक लागते आणि त्यातला आकडाच निसटतो. बियाण्याच्या बाबतीत चुकीचा आकडा म्हणजे विरळ उगवण आणि दुबार पेरणीचा खर्च.

उत्तर बरोबर असूनही ऐकताना का बिघडते?

मोबाइलवर दोन वेगळी कामे एकापाठोपाठ होतात. आधी एआय उत्तर लिहिते. मग वाचक आवाज ते लिखाण घेऊन त्याचा उच्चार करतो. लिहिणाऱ्याला आपण काही सांगितले नाही, तर तो पडद्यासाठी लिहितो. मथळे, ठिपक्यांच्या याद्या, तक्ते, कंस, संक्षेप आणि चिन्हे यांनी उत्तर भरते. डोळ्यांना त्याची मदत होते. कानाला मात्र ना रकाना कळतो, ना कंस.

वाचक आवाजाला प्रत्येक चिन्हाचा अंदाज बांधावा लागतो. पेरणीपूर्वी ‘७५-१०० मि.मी.’ पाऊस हवा, असे लिहिले असेल तर मधली आडवी रेघ ‘ते’ आहे की ‘वजा’ हे त्याने ठरवायचे. काही आवाज रेघ गाळतात आणि ‘पंचाहत्तर शंभर’ एवढेच ऐकू येते. ‘ता. सेलू’ मधला ‘ता.’ म्हणजे तालुका आणि ‘ता. १५’ मधला म्हणजे तारीख. वाचणाऱ्या माणसाला हे संदर्भाने कळते, पण आवाज दोन्हीकडे नुसता ‘ता’ म्हणून पुढे जाऊ शकतो.

बियाण्याच्या उदाहरणात नेमके काय होते?

घरच्या सोयाबीनची चाचणी अशी असते. शंभर दाण्यांचे तीन नमुने घ्यायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गोणपाट गुंडाळून ओलसर ठेवायचे आणि सहा-सात दिवसांनी चांगले कोंब मोजायचे. समजा, तीन नमुन्यांत ६९, ७१ आणि ६७ दाणे उगवले. बेरीज २०७, सरासरी ६९. कृषी विभागाच्या शिफारशीनुसार ७० टक्के उगवण असल्यास हेक्टरी ७५ किलो, म्हणजे एकरी ३० किलो बियाणे लागते. त्याखाली प्रत्येक टक्क्याला एकरी अर्धा किलो वाढवायचे. ६० टक्क्यांना हे प्रमाण ३५ किलोपर्यंत जाते. उगवण त्याहून कमी असेल, तर ते बियाणे पेरायचे नाही.

हीच माहिती पडद्यासाठी लिहिली की बहुधा दोन रकान्यांचा तक्ता होतो. एका बाजूला ७०, ६९, ६८ आणि दुसऱ्या बाजूला ३०, ३०.५, ३१. आवाज तो ओळीने वाचतो : ‘सत्तर तीस एकोणसत्तर तीस दशांश पाच अडुसष्ट एकतीस’. यातला कोणता आकडा टक्क्यांचा आणि कोणता किलोचा, हे ऐकणाऱ्याला कळणार नाही. मागे वळून पाहायलाही कानाला सोय नाही.

ऐकण्यासाठी लिहिलेले तेच उत्तर असे असेल : ‘शंभरपैकी साठपेक्षा कमी दाणे उगवले, तर हे बियाणं पेरू नका. सत्तर उगवले, तर एकरी तीस किलो घ्या. सत्तरला जितके दाणे कमी पडतील, तितके अर्धे अर्धे किलो वाढवा. तुमचे एकोणसत्तर उगवले, म्हणजे एकच कमी. म्हणून एकरी तीस किलो आणि वर अर्धा किलो.’

तक्त्यातल्या अकरा ओळींची जागा इथे एका नियमाने घेतली. घातक चूक टाळणारे वाक्य आधी आले, कारण ऐकणारा मध्येच थांबू शकतो. ‘किलो’ आणि ‘दाणे’ हे शब्द प्रत्येक आकड्याला चिकटून राहिले. चार एकरांसाठी हिशेब केला तर १२२ किलो होतात. शेवटी तेवढे एक वाक्य आले की उत्तर पुरे.

एआयला नेमके काय सांगावे?

‘मराठीत सांग’ एवढे पुरत नाही, कारण त्याने भाषा ठरते, लिहिण्याची पद्धत नाही. ‘सोप्या मराठीत’ म्हटले तरी तक्ता येऊ शकतो. उत्तर ऐकायचे आहे हे सांगून, मग काय टाळायचे ते ठळकपणे सांगावे लागते. उदाहरणार्थ : ‘हे उत्तर मी वाचणार नाही, मोबाइलवर ऐकणार आहे. तक्ता, यादी, मथळे, कंस आणि चिन्हे वापरू नकोस. छोटी वाक्ये लिही, एका वाक्यात एकच गोष्ट. आकडे आणि मापे अक्षरी, पूर्ण शब्दांत लिही. हेक्टरऐवजी एकर वापर. धोक्याची सूचना सर्वांत आधी दे. केलं, झालं, बियाणं अशी बोलण्यातली रूपे वापर.’

यातल्या शेवटच्या अटीचे कारण वेगळे आहे. ‘बियाण्याची उगवणक्षमता तपासून घेणे आवश्यक आहे’ हे वाक्य छापील पत्रकात चालते, पण असे कोणी बोलत नाही. ‘बियाणं आधी तपासून घ्या’ हे कानाला माणसाचे वाटते. मात्र ‘परभणीच्या बोलीत लिही’ असे सांगणे सहसा फसते. बोलीचे लिखित नमुने कमी असल्याने उत्तरात नाटकी, ओढूनताणून आणलेली रूपे येतात. वाचक आवाजही प्रमाण मराठी उच्चारांवर तयार झालेला असतो, त्यामुळे त्याचा हेल वेगळाच राहतो. साधी बोलती मराठी मागावी आणि आपल्याकडची मापे, पिकांची नावे स्वतः प्रश्नात वापरावीत. उत्तरात बहुधा तेच शब्द परत येतात.

आकडे अक्षरी लिहिले की प्रश्न सुटतो का?

अर्धाच सुटतो. मराठीत दीड, अडीच, सव्वादोन, पावणेतीन असे शब्द आहेत आणि ‘दोन दशांश पाच’पेक्षा ‘अडीच’ लगेच कळते. पण हीच सोय काही ठिकाणी उलटते. ‘साडेतीस’ आणि ‘साडेतीन’ यांत शेवटच्या अक्षराचाच फरक आहे. वाऱ्यात, ट्रॅक्टरच्या आवाजात तो हरवतो. अशा वेळी ‘तीस किलो आणि वर अर्धा किलो’ असे मागणे सुरक्षित.

त्याहून मोठी अडचण ‘एकोण’ची. एकोणसाठ म्हणजे ५९, एकोणसत्तर म्हणजे ६९. ऐकताना दोन्हींची सुरुवात सारखी आणि ‘साठ’ किंवा ‘सत्तर’ ऐकून भलताच आकडा मनात बसतो. आपल्या उदाहरणात ५९ म्हणजे बियाणे बाद आणि ६९ म्हणजे एकरी अर्धा किलो जास्त. निर्णयच बदलतो.

या जागी २०१९ चा एक वाद आठवेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात जोडाक्षरे असलेली संख्यानावे मुलांना जड जातात म्हणून ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचन आले आणि त्यावर विधिमंडळापर्यंत चर्चा झाली. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांनी त्या पद्धतीची बाजू मांडली होती. शाळेत काय असावे हा वेगळा मुद्दा, पण ऐकण्याच्या उत्तरात ही जोड उपयोगी पडते. ‘महत्त्वाचा आकडा दोन प्रकारे सांग’ अशी अट घातली की ‘एकोणसत्तर, म्हणजे साठ आणि नऊ’ असे ऐकू येते. एक रूप निसटले तरी दुसरे हाती लागते.

अक्षरी आकड्यांत लिहिणाऱ्याचीही चूक होऊ शकते. मराठी संख्यानावे हिंदीत मिसळतात किंवा एकोणचाळीस-एकोणपन्नास अशी अदलाबदल होते. म्हणून मात्रा, वजन, रक्कम आणि तारीख यांसाठी शेवटी तोच आकडा अंकांत लिहून घ्यावा आणि पडद्यावर एकदा डोळ्यांनी पाहावा.

दोष लिखाणाचा की आवाजाचा, कसे ओळखावे?

एक सोपी चाचणी आहे. उत्तरात ‘५०’ हा आकडा अंकांत येऊ द्या आणि ऐका. ‘पन्नास’ ऐकू आले तर आवाज मराठी आहे. ‘पचास’ ऐकू आले तर मराठी लिखाण हिंदी आवाज वाचतो आहे. दोन्ही भाषांची लिपी देवनागरी असल्याने शब्द बऱ्यापैकी वाचले जातात आणि चूक लवकर लक्षात येत नाही. ‘केलं’, ‘झालं’ यांतला अनुस्वारही मग नाकात किंवा ‘म्’सारखा उच्चारला जातो. इथे प्रश्न कितीही नीट विचारला तरी उपयोग नाही. ॲप फोनचाच आवाज वापरत असेल, तर अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘Text-to-speech output’ शोधून भाषा मराठी करावी लागते. ॲपचा स्वतःचा आवाज असेल, तर त्या ॲपमधली भाषा बदलावी.

आवाज मराठी असूनही काही शब्द अडतील. ‘चार एकर’ मधला च आणि ‘गुरांचा चारा’ मधला च वेगळे आहेत, पण लिहिताना अक्षर एकच. ‘जरा’ मधल्या ज चेही तसेच. आवाजाने चुकीचा उच्चार निवडला, तर लिखाणातून तो दुरुस्त करता येत नाही. मात्र वाक्य छोटे आणि संदर्भ स्पष्ट असेल, तर अर्थ सहसा बिघडत नाही.

याउलट सगळे उच्चार स्वच्छ असूनही उत्तर ऐकून काय करायचे ते कळत नसेल, तर दोष लिखाणाचा. त्याची खूण अशी : पडद्याकडे न बघता एकदाच ऐका आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला आकड्यांसह सांगा. एकरी किती किलो आणि कधी पेरायचे नाही, या दोन गोष्टी सांगता आल्या नाहीत, तर तेच उत्तर ‘ऐकण्यासाठी, पाच वाक्यांत’ पुन्हा मागावे.